विकीच्या पानातला तक्ता दर अर्ध्या तासाने बदलताना सहकाऱ्याचं लेखन पुसलं गेलं

बोरीकर
नमस्कार मंडळी. डिचोलीला आमचं काजू प्रक्रियेचं युनिट आहे, सॉफ्टवेअरचं काम आम्ही तिघं पणजीतून बघतो. टीमसाठी कॉन्फ्लुअन्स आहे, आमच्याच सर्व्हरवर. त्यात 'आजचे लॉट' नावाचं पान आहे. वर क्वालिटीवाल्यांच्या सूचना, मधे लॉटचा तक्ता (लॉट नंबर, ग्रेड, ओलावा, कोणाकडे दिला), खाली शिफ्टच्या नोंदी.

तक्ता डेटाबेसमधून यावा म्हणून मी पायथनची स्क्रिप्ट लिहिली आणि क्रॉनवर दर अर्ध्या तासाला लावली. ती पान आणते, `<table>` पासून `</table>` पर्यंतचा भाग रेगेक्सने बदलते आणि सगळं पान परत पाठवते. तीन महिने विनातक्रार चाललं.

गेल्या मंगळवारी क्वालिटीच्या ताईंनी ओला माल परत पाठवण्याबद्दल तीन मोठे परिच्छेद लिहिले, पब्लिश केले, आणि दहा मिनिटांनी बघतात तर गायब. इतिहासात ते आहेत, पण त्याच्या लगेच वर माझ्या बॉटची आवृत्ती आहे आणि तिच्यात ते नाहीत. मी लगेच परत आणून दिले, पण त्यांचा पानावरचा विश्वास उडाला. आता त्या वहीत लिहितात. मला हे फार लागलंय.

आवृत्तीचा नंबर एकाने वाढवून पाठवावा लागतो हे माहीत आहे, ते मी करतो. मग हे झालंच कसं?

पेडणेकार
हे व्हायलाच नको. तुम्ही आणलेली आवृत्ती २१२ असेल तर तुम्ही २१३ पाठवता. मधे ताईंनी २१३ केली असेल तर सर्व्हर तुमचं नाकारतो, `409` देतो. दुसऱ्याचं लेखन पुसलं जाऊ नये म्हणूनच तो नंबर आहे. बॉटचा दोष नाही, ताईंनीच जुनी टॅब उघडी ठेवून पब्लिश केलं असणार. तुम्ही `minorEdit` चालू करा, म्हणजे पान फॉलो करणाऱ्यांना दर अर्ध्या तासाला मेल जाणार नाही आणि गोंधळ कमी होईल.

ज्ञानदीप फोंडा
मराठी विकिपीडियावर बॉट चालवायचा असेल तर आधी समाजाची परवानगी घ्यावी लागते, चर्चापानावर विनंती टाका. तिथे पूर्ण पान पाठवायची गरजही नाही. `action=edit` ला `section` दिलं की तेवढाच विभाग बदलतो.

बोरीकर
@ज्ञानदीप, आमचं विकिपीडिया नाही हो, ऑफिसातलं आतलं पान आहे. पण विभागापुरतं बदलता येतं हे ऐकून हेवा वाटला. आमच्याकडे पूर्ण पानच पाठवावं लागतं.

@पेडणेकार, `409` आलं तर काय करायचं ते मी लिहिलंय, हे बघा:

```python
r = put_page(ver + 1, new_body)
if r.status_code == 409:
    ver = get_page(PAGE_ID)["version"]["number"]
    r = put_page(ver + 1, new_body)
```

म्हादईकाठ
बोरीकर, तुमचं उत्तर तुमच्याच तिसऱ्या आणि चौथ्या ओळीत आहे.

सर्व्हरने `409` देऊन सांगितलं की तू वाचलंस त्यानंतर कोणीतरी पान बदललंय. तुमच्या स्क्रिप्टने नवा नंबर विचारला, पण मजकूर जुनाच ठेवला. `new_body` तर ताईंच्या आधीच्या पानावरून बनलेला. दुसऱ्या वेळी नंबर बरोबर जुळला, म्हणून सर्व्हरने तो मुकाट्याने घेतला. पेडणेकार म्हणतात ते अर्धं खरं आहे. सर्व्हर फक्त नंबर जुळतो का ते बघतो. मजकूर त्या नंबराच्या पानावरूनच तयार केलाय का, हे त्याला कळायला मार्ग नाही.

पुन्हा प्रयत्न करायचा तर पान नव्याने वाचण्यापासून सुरुवात करायची:

```python
rows = read_lots()
for n in range(3):
    page = get_page(PAGE_ID)
    body = page["body"]["storage"]["value"]
    r = put_page(page, replace_table(body, rows))
    if r.status_code != 409:
        break
```

यात `read_lots()` सगळ्यात वर आहे ते मुद्दाम. तुमच्या स्क्रिप्टमध्ये बहुतेक आधी पान वाचता आणि मग डेटाबेसला विचारता. त्या चौकशीला किती वेळ लागतो?

बोरीकर
लॉग बघितला. पान वाचलं १०:३०:०२ ला. डेटाबेसचं उत्तर आलं १०:३०:४३ ला, कारण त्या वेळी डिचोलीचं नेट संथ होतं. ताईंची आवृत्ती १०:३०:२० ची. म्हणजे त्या ४१ सेकंदांच्या खिडकीत त्यांनी पब्लिश केलं, मला `409` आलं, आणि मी नंबर वाढवून त्यांचं लेखन पुसलं.

पेडणेकार, ताईंची टॅब निर्दोष. हे त्यांना उद्या स्वतः जाऊन सांगतो.

पेडणेकार
मान्य. माझ्याही एका स्क्रिप्टमध्ये नेमक्या याच ओळी आहेत, आत्ताच उघडून बघितल्या. आजच बदलतो.

म्हादईकाठ
क्रम बदललात की खिडकी ४१ सेकंदांवरून एखाद्या सेकंदावर येते. आणि त्या एका सेकंदातही कोणी आलं तर `409` येईल आणि तुम्ही नव्याने वाचाल. लेखन पुसलं जाण्याचा हा रस्ता बंद.

पण दुसरा एक रस्ता अजून उघडा आहे. तुमचं रेगेक्स पानातला पहिला तक्ता पकडतं. उद्या ताईंनी सूचनांमध्ये स्वतःचा एखादा लहान तक्ता टाकला तर?

कुळागर
तेच आमच्याकडे झालं. मी काणकोणला एका हॉटेलच्या रिसेप्शनची आणि हाउसकीपिंगची व्यवस्था बघते, तांत्रिक माणूस नाही. आमच्या पानावर खोल्यांचा तक्ता आपोआप यायचा. पावसाळ्यात वीज वरचेवर जाते म्हणून मी पानाच्या वरच्या बाजूला जनरेटरवाला, प्लंबर, लाइनमन यांचे फोन तक्त्यात लिहून ठेवले. पुढच्या तासाला माझ्या फोन नंबरांच्या जागी खोल्या आल्या, आणि खाली खोल्यांचा जुना तक्ता तसाच! म्हणजे पानावर खोल्यांचे दोन तक्ते, एक सकाळचा, एक दुपारचा. मुलींनी खालचा बघून खोली १०७ दोनदा साफ केली आणि १०९ तशीच राहिली. पाहुणे दारात उभे.

साखळीकर
रेगेक्सने एचटीएमएल कापू नये. बीएस४ वापरा, पाच ओळींत काम होतं.

म्हादईकाठ
@साखळीकर, इथे जरा सांभाळून. कॉन्फ्लुअन्सचा आतला मजकूर साधं एचटीएमएल नाही. मॅक्रो `ac:` आणि लिंका `ri:` अशा टॅगमध्ये असतात, आणि कोडचे तुकडे `CDATA` मध्ये. एचटीएमएलच्या पार्सरमधून सगळं पान काढून परत लिहिलंत की तक्ता नीट बसतो, पण दूर कुठेतरी कोड ब्लॉक रिकामा होतो किंवा मॅक्रो मोडतो, आणि ते आठवडाभराने लक्षात येतं. कडक एक्सएमएल पार्सर घेतलात तर तो `&nbsp;` ला अडतो आणि `ac:` ओळखत नाही. मग बाहेरून एक मूळ टॅग गुंडाळून त्यात नेमस्पेस जाहीर करावे लागतात. करता येतं, मी वर्षभर केलंय. पण आता करत नाही.

आता आम्ही तक्ता वेगळ्या पानावर ठेवतो. त्या पानावर तक्त्याशिवाय एक अक्षरही नाही. मुख्य पानात 'इन्क्लूड पेज' मॅक्रो टाकायचा. आतून तो असा दिसतो:

```xml
<ac:structured-macro ac:name="include">
  <ac:parameter ac:name="">
    <ac:link><ri:page ri:content-title="लॉट-तक्ता" /></ac:link>
  </ac:parameter>
</ac:structured-macro>
```

हा हाताने लिहायची गरज नाही, एडिटरमधून मॅक्रो टाकला की झालं. यानंतर स्क्रिप्ट मुख्य पानाला हातच लावत नाही. लहान पान पूर्णच्या पूर्ण नव्याने लिहिते. शोधायचं काही नाही, कापायचं काही नाही, पार्सरही नको. माणसांचं लेखन एका पानावर, यंत्राचं दुसऱ्यावर. ताई मुख्य पानावर दिवसभर लिहीत बसल्या तरी त्यांची आणि बॉटची गाठच पडणार नाही.

लहान पानावर एडिटचं बंधन घाला, फक्त बॉटचं खातं आणि तुमचं. बघायचं बंधन मात्र घालू नका. ज्याला लहान पान बघता येत नाही त्याला मुख्य पानातही तक्ता दिसत नाही, आणि तो तुम्हाला फोन करून विचारतो की तक्ता कुठे गेला.

रानमाणूस
शीर्षकाची गंमत आमच्याकडे झाली ती सांगतो. पान पाठवताना `title` पण द्यावं लागतं. आमच्या मुलाने ते स्क्रिप्टमध्ये कायमचं लिहून ठेवलं होतं, आणि त्यात ऱ्हस्व-दीर्घाची चूक होती. एका बाईंनी पानाचं नाव दुरुस्त केलं, तासाने परत चुकीचं. त्यांनी पुन्हा केलं, पुन्हा तेच. त्यांना वाटलं कोणी मुद्दाम करतंय, ऑफिसात भांडणाची वेळ आली. शीर्षक पण वाचलेल्या पानातूनच उचला.

बोरीकर
वेगळ्या पानाची कल्पना पटली. आज रात्री करून बघतो. @म्हादईकाठ, देव बरें करूं!

एक विचारायचं राहिलं. दर अर्ध्या तासाला लिहिलं की दिवसाला ४८ आवृत्त्या होतात. रात्रीच्या शिफ्टला बहुतेक वेळा काही बदललेलंच नसतं. तक्ता तोच असेल तर पाठवू नये असं मी लिहून बघितलं, पण तुलना दर वेळी 'वेगळं आहे' असंच म्हणते.

म्हादईकाठ
कारण तुम्ही पाठवलेला मजकूर सर्व्हर जसाच्या तसा ठेवत नाही. साठवताना स्वतःची आयडी घालतो, टॅगची मांडणी बदलतो. त्यामुळे आणलेलं आणि बनवलेलं अक्षर-अक्षर लावून बघितलं तर कधीच जुळणार नाही. तुलना फक्त चौकटीतल्या मजकुराची करा. प्रत्येक ओळीतून शब्द आणि आकडे तेवढे काढायचे आणि त्यांची यादी डेटाबेसच्या यादीशी लावायची. इथे पार्सर चालतो, कारण आपण त्यातून फक्त वाचतो, परत काही लिहीत नाही.

काही जण डेटाचा हॅश स्वतःच्या मशीनवर फाइलमध्ये ठेवतात. ते सोपं, पण कोणी तक्त्यात हाताने काही बदललं तर स्क्रिप्टला कळत नाही, ती म्हणते डेटा तोच आहे. पानावरचंच वाचून बघितलेलं बरं.

साखळीकर
मग 'शेवटचं अपडेट : १०:३०' ही ओळ कुठे ठेवायची? ती असली की दर वेळी बदल होणारच.

कुळागर
ती ओळ हवीच हो! गेल्या चवथीच्या सुट्टीत आमची स्क्रिप्ट बंद पडली. टोकनची मुदत संपली होती, बॉटला आतच घेत नव्हते. पान अगदी व्यवस्थित दिसत होतं, सगळ्या खोल्या, सगळी नावं, फक्त तीन दिवसांपूर्वीची. वेळ लिहिलेली असती तर पहिल्या दिवशीच कळलं असतं.

साखळीकर
पण वेळ लिहिली तर आवृत्त्यांचा ढीग. इतिहासात ताज्या बदलाचा शोध घ्यायचा म्हणजे शंभर निरर्थक आवृत्त्या चाळायच्या. मी म्हणतो पानावर वेळ नको. स्क्रिप्टने दर फेरीनंतर दुसऱ्या मशीनला 'आहे' म्हणून सांगावं, आणि तासभर निरोप आला नाही की त्या मशीनने मेल करावा.

म्हादईकाठ
दोघांचंही बरोबर आहे, आणि माझं मन यावर अजून पक्कं होत नाही. मेल येतो तो आमच्यासारख्यांना. पानासमोर जो उभा आहे, हातात लॉट घेऊन, त्याला तो मेल दिसत नाही. मी सध्या दिवसातून दोनदा, शिफ्ट बदलताना, काही बदललं नसलं तरी लिहिते आणि वेळ घालते. बाकी वेळी बदल असेल तरच. म्हणजे पानावरची वेळ एका शिफ्टपेक्षा जुनी दिसली की कामगारालाही कळतं की काहीतरी अडलंय.

रानमाणूस
आणि शून्य ओळींचं बघा. रात्री बॅकअपच्या वेळी आमच्या चौकशीला उत्तर यायचं, पण रिकामं. स्क्रिप्ट इमानाने रिकामा तक्ता टाकायची. आता ओळी शून्य असतील तर लिहायचंच नाही, मेल टाकायचा आणि बाहेर पडायचं.

पेडणेकार
शून्य ओळी खऱ्या असल्या तर? रविवारी लॉट नसतीलही.

रानमाणूस
हो, मग रविवारचा वेगळा विचार करावा लागतो. आमच्याकडे सुट्टी नसते म्हणून भागतं.

बोरीकर
रात्री केलं. वेगळं पान, मुख्य पानात मॅक्रो, एडिटचं बंधन. पहिल्याच फेरीला `400` आलं आणि उत्तरात `Error parsing xhtml`. अर्धा तास डोकं खाजवलं. जुन्या तक्त्यात हे कधी आलं नव्हतं. शेवटी एकेक ओळ काढून बघत गेलो तेव्हा सापडलं. एका लॉटच्या ओलाव्याच्या रकान्यात लॅबवाल्याने आकड्याऐवजी `<5` असं टाकलंय. तो कोन म्हणजे टॅगची सुरुवात असं सर्व्हरला वाटतं. त्याच यादीत पुढे एका गिऱ्हाईकाच्या नावात `&` पण आहे, तेही अडलंच असतं. प्रत्येक चौकटीला हे लावलं:

```python
from html import escape
cell = "<td>" + escape(str(value)) + "</td>"
```

त्यानंतर सकाळपासून सुरळीत. डब्ल्यू२४० आणि डब्ल्यू३२० चे सगळे लॉट दिसतायत. ताईंना बोलावून दाखवलं. त्यांच्यासमोर मुख्य पान उघडं ठेवून स्क्रिप्ट तीनदा हाताने चालवली, त्यांचे परिच्छेद जागच्या जागी.

सुरंगी
मी इथे सहसा वाचनच करते, पण आज लिहायला बसले. मी बोरीकरांच्या ऑफिसातली नाही, पण त्या ताईंच्याच जातीचं काम करते, वेर्ण्याला लॅबमध्ये. तुम्ही सगळे तक्ता बंद करून ठेवायचं म्हणता ते मला समजलं. पण आम्ही तक्त्यातच लिहितो. लॉटच्या ओळीत शेवटच्या रकान्यात 'पुन्हा वाळवायला पाठवला', 'पिशवी फाटकी', असं. ते त्या ओळीसमोरच हवं. वेगळ्या पानावर लिहून ठेवलं तर लॉट उचलणारा माणूस ते वाचत नाही. आमच्याकडे तक्ता आपोआप यायला लागला तेव्हा आमचा शेराच गेला, आणि कोणी विचारलंही नाही.

साखळीकर
शेरा डेटाबेसमध्येच भरायचा, म्हणजे तक्त्यात आपोआप येईल.

सुरंगी
डेटाबेसमध्ये भरायला स्क्रीन लागते, लॉगिन लागतं, आणि हातमोजे काढावे लागतात. पानावर टॅबलेटवरून दोन शब्द टाकणं आम्हाला जमतं.

म्हादईकाठ
सुरंगीताई, तुमचं म्हणणं आमच्या कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. एक करता येईल. स्क्रिप्टने लिहिण्याआधी पानावरचा जुना तक्ता वाचायचा, शेऱ्याचा रकाना लॉट नंबरासकट उचलायचा आणि नव्या तक्त्यात त्याच लॉटसमोर परत ठेवायचा. त्यासाठी एडिटचं बंधन काढावं लागेल, आणि मग माणूस आणि बॉट पुन्हा एकाच पानावर येतात. `409` आलं की नव्याने वाचायचं ते इथे फार महत्त्वाचं, कारण शेरा नेमका त्याच सेकंदाला लिहिला गेलेला असू शकतो. शिवाय लॉट यादीतून गेला की त्याच्या शेऱ्याचं काय करायचं, ते ठरवावं लागेल. मी हे कधी चालवून बघितलेलं नाही.

पेडणेकार
गेलेल्या लॉटचे शेरे खाली वेगळ्या यादीत टाकत गेलं तर?

बोरीकर
आमच्या ताईंना आत्ताच फोन करून विचारलं, तक्त्यात शेरा लिहायची सवय होती का. म्हणाल्या, होती. स्क्रिप्ट आल्यावर पहिल्याच आठवड्यात दोनदा पुसला गेला, म्हणून सोडून दिलं. तीन महिने मला कोणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

सोमवारी डिचोलीला जातोय. त्यांच्या वहीत या तीन महिन्यांचे शेरे आहेत, ते बघून ठरवतो की रकाना कसा हवा. शेरा उचलून परत ठेवायचं मी आधी एका खोट्या पानावर लावून बघतो. @सुरंगी, तुमच्याकडे एका दिवसात साधारण किती शेरे पडतात आणि एकाच लॉटवर दोघं जणं लिहितात का, तेवढं सांगाल का?

सुरंगी
दिवसाला दहाबारा. आणि हो, एकाच लॉटवर सकाळची आणि दुपारची, दोघीही लिहितात. एकमेकींच्या खाली.